‘दिले’ आणि ‘दिले नाहीत’

मी आवाजाच्या संपादनाचं काम करतो. ध्वनिपुस्तकं, सभांची भाषणं, कुणाच्या आजीच्या आठवणी असं सगळं माझ्याकडे येतं. मधूनच ओळखीपाळखीतला एखादा माणूस मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, “दादा, एवढं जरा साफ करून द्या ना.” अशाच ओळखीतून एकदा दिवाळीनंतर एक मंडप डेकोरेटर आले. एका लग्नाचं काम उरकून चार महिने झाले होते आणि ८५ हजार रुपये यायचे राहिले होते. मुलीच्या वडिलांशी फोनवर झालेलं बोलणं त्यांच्या मोबाइलने आपोआप रेकॉर्ड केलं होतं. वकील म्हणाले होते, रेकॉर्डिंग नीट ऐकू येईल असं करून आणा.

त्यांनी मला जे पाठवलं ते व्हॉट्सअ‍ॅपचं व्हॉइस नोट होतं. आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता, वर पंख्याची घरघर. मी नेहमीच्या सवयीने काम केलं. घरघर कमी केली, मग ‘नॉइज गेट’ लावलं, आवाज वाढवला, एमपीथ्री करून परत पाठवलं आणि जागा अडते म्हणून माझ्याकडच्या कच्च्या फाइली उडवून टाकल्या. तासाभरात त्यांचा फोन आला. “दादा, हे काय केलंत? यात तर तो ‘मी दिले’ म्हणतोय!”

मी ऐकलं. खरंच म्हणत होता. “ते ८५ हजार मी दिले.” स्वच्छ, खणखणीत.

मूळ वाक्य होतं, “ते ८५ हजार मी दिले नाहीत, मला माहितीये.” पहिल्या पाच शब्दांवर माणसाचा जोर होता. ‘नाहीत’ म्हणताना आवाज पडला, पुढचे दोन शब्द तर तो जवळजवळ पुटपुटला. नॉइज गेट हे दारासारखं असतं. तुम्ही ठरवलेल्या पातळीच्या वरचा आवाज आला की उघडतं, खाली गेला की बंद होतं. मी पातळी जरा जास्त ठेवली होती. दार ‘दिले’च्या मागे बंद झालं आणि ‘नाहीत’ बाहेरच राहिलं.

मराठीत हा धोका कायमचा आहे, कारण आपला नकार वाक्याच्या शेपटीला बसतो. घेतले नाहीत, सही केली नाही, बोललो नव्हतो. आणि बोलणाऱ्याचा श्वास संपत येतो, आवाज उतरतो तो नेमका त्याच टोकाला. आवाज साफ करणाऱ्या कुठल्याही यंत्रणेच्या दृष्टीने वाक्याचं ते टोक आणि पंख्याची घरघर यांच्यात फारसा फरक नसतो. गाण्यात एखादा उतरता सूर गेला तर कानाला खटकतं. इथे काहीच खटकलं नाही, कारण उरलेलं वाक्यही पूर्ण होतं.

नशीब एवढंच की डेकोरेटर भाऊंच्या फोनमध्ये पहिलं रेकॉर्डिंग अजून होतं.

ते ‘पहिलं’ म्हणजे काय, हे मात्र त्यांना विचारून विचारून काढावं लागलं. मला आलेलं व्हॉइस नोट ही त्या रेकॉर्डिंगची प्रत नव्हतीच. फाइल कुठे सापडते ते कळेना म्हणून भाऊंनी फोन स्पीकरवर लावला, भाच्याचा मोबाइल शेजारी धरला आणि त्यावर व्हॉइस नोट करून पाठवलं. म्हणजे माझ्याकडे आलं ते त्यांच्या दुकानातलं, पंख्याखालचं, त्या दुपारचं नवं रेकॉर्डिंग. मी ज्या घरघरीशी झटापट केली ती मूळ फोनवर नव्हतीच. पंखा दुकानातला होता. तो अडथळा आम्हीच घातला आणि तो काढताना ‘नाहीत’ घालवून बसलो.

लोक ‘ओरिजिनल’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बोलणं असतं. न्यायालयाला आणि तज्ज्ञाला त्या शब्दातून फाइल हवी असते, यंत्राने पहिल्यांदा जशी लिहिली तशीच्या तशी. फोनमधल्याच अ‍ॅपमध्ये सुरुवातीची ‘हॅलो, हां बोला’ कापून ‘सेव्ह’ केलं तर बऱ्याच अ‍ॅपमध्ये जुन्या फाइलीच्या जागी नवी बसते आणि जुनी परत येत नाही. कापणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नसतं. पण फाइलीच्या पोटात ती कुठल्या सॉफ्टवेअरने लिहिली याची खूण राहते. उदाहरणार्थ, फुकट मिळणारी पुष्कळ कापाकापीची अ‍ॅप आतून एकच यंत्रणा वापरतात आणि तिची `Lavf` अशी अक्षरं फाइलीत उमटतात. फोनच्या स्वतःच्या रेकॉर्डरची म्हणून दिलेल्या फाइलीत ही अक्षरं सापडली की समोरचा वकील पहिला प्रश्न तिथूनच विचारतो. मग आपण फक्त ‘हॅलो’ कापलं होतं हे सिद्ध कशाने करणार? कापलेलं तर गेलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ फोन घेऊन आले. या वेळी आधी कागद घेतला, मग माउसला हात लावला. फोनचं मॉडेल, आयएमईआय क्रमांक, त्या क्षणी फोनच्या घड्याळात किती वाजलेत आणि माझ्या घड्याळात किती, एवढं लिहिलं. फोनच्या सेटिंगमध्ये ‘जुनी कॉल रेकॉर्डिंग आपोआप काढून टाका’ असा पर्याय चालू होता, तो बंद केला. तो तसाच राहिला असता तर आणखी काही दिवसांत फाइल गेली असती. मग केबल जोडून फाइल संगणकावर उतरवली. शेअरचं बटण दाबून नाही. आणि एकदा नाही, दोनदा, दोन वेगळ्या फोल्डरांत.

दोनदा का, तर दोन्ही प्रतींचा हॅश जुळवून बघण्यासाठी. हॅश म्हणजे फाइलीतल्या एकूण एक बिटावरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलीचं नाव बदललं तरी तो बदलत नाही, पण आतला एक बिट हलला तरी सगळाच्या सगळा वेगळा येतो. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच टाइप करायचं:

```
certutil -hashfile call_1910.m4a SHA256
```

दोन्ही प्रतींचे हॅश तंतोतंत जुळले, म्हणजे उतरवताना काही सांडलं नव्हतं. तो हॅश कागदावर लिहिला, भाऊंनी आणि मी सही केली, आणि त्याच वेळी तो ईमेलने त्यांच्या वकिलांनाही पाठवला. हा ईमेल महत्त्वाचा, कारण हॅशला एक मोठी मर्यादा आहे. तो काढला त्या क्षणापासून फाइल बदललेली नाही, एवढंच तो सांगतो. त्याच्या आधी काय झालं याबद्दल त्याला काही माहिती नसते, आणि आवाज कुणाचा हे तर नसतेच. म्हणून तो जितका लवकर काढाल आणि जितक्या त्रयस्थ माणसाकडे तारखेसह ठेवाल, तितका त्याला अर्थ. खटला उभा राहिल्यावर काढलेला हॅश म्हणजे चोरी झाल्यावर लावलेलं कुलूप.

एक प्रत पेनड्राइव्हवर घालून पाकिटात बंद केली, चिकटवलेल्या जागेवर सह्या केल्या. दुसरी माझ्याकडे ‘फक्त वाचा’ अशी खूण करून ठेवली. काम करायचं ते तिसऱ्या प्रतीवर.

हे पाकीट-सह्यांचं प्रकरण कुणाला नाटकी वाटेल. पण यामागे मुंबईतला एक जुना खटला आहे. महानगरपालिकेच्या एका कारकुनाला १०० रुपयांची लाच देऊ केल्याचा आरोप होता. पोलिसांनी कारकुनाच्या घरी सापळा लावला, बाहेरच्या खोलीत पुस्तकांमागे मायक्रोफोन लपवला आणि आतल्या खोलीत पोलिसांचा रेडिओ मेकॅनिक टेपरेकॉर्डर घेऊन बसला. युसुफअली इस्माईल नागरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६७ मध्ये निकाल लागला. टेपवरचा पुरावा न्यायालयाने मान्य केला, पण तो सावधपणे घ्यायला हवा हेही बजावलं, कारण टेप पुसता येते आणि पुन्हा भरता येते. ती टेप सील न करता मेकॅनिककडेच ठेवली होती, आणि यावर न्यायालयाने बोट ठेवलं. मधल्या काळात तिच्यात फेरफार झाला असेल, हा आक्षेप अशा ढिलाईतूनच जन्मतो. आता टेप गेली, पण पुसणं आणि पुन्हा भरणं मात्र कैक पटींनी सोपं झालं.

मग नोंदवही. ही माझी साधी शंभर पानी वही आहे. सुटी पानं नाहीत, पानांवर क्रमांक घातलेले. चूक झाली तर एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचं, खोडरबर नाही. संगणकात सगळं ‘अन्डू’ होतं, मग वही कशाला, असं मला एका तरुण सहकाऱ्याने विचारलं होतं. मी वापरतो त्या ऑडॅसिटीत ‘अन्डू’ची यादी असते खरी, पण प्रोजेक्ट बंद केला की ती यादी जाते. पुन्हा उघडल्यावर परिणाम दिसतो, पावलं दिसत नाहीत.

भाऊंच्या कामाची नोंद अशी पडली. मूळ फाइल ११ मिनिटं ४२ सेकंदांची. पहिलं पाऊल: तिची डब्ल्यूएव्ही प्रत केली, म्हणजे पुढे दर वेळी सेव्ह करताना आवाज पुन्हा दाबला जाणार नाही. दुसरं: २०० हर्ट्झच्या खालचा भाग कमी केला. फोनवरच्या बोलण्यात तिथे कामाचं फार काही नसतं, गुणगुण असते. तिसरं: घरघर ६ डेसिबलने कमी केली, आणि घरघरीचा नमुना घेतला तो ० मिनिटं ४१ सेकंद ते ४३ सेकंद या भागातून, जिथे दोघंही गप्प आहेत. चौथं: आवाज ८ डेसिबलने वाढवला. प्रत्येक पावलासमोर तारीख, वेळ, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कुठली फाइल घेतली आणि तिचा हॅश, कुठली फाइल बाहेर पडली आणि तिचा हॅश. चार ओळी झाल्या. गेट लावलं नाही, हेही लिहिलं. आदल्या दिवशी लावलं होतं आणि त्याने काय घोळ झाला, तेही लिहिलं. वकील म्हणाले, ते कशाला? मी म्हटलं, ती एमपीथ्री भाऊंच्या आणि भाच्याच्या अशा दोन फोनवर पडून आहे. उद्या ती समोर आली तर ती कुठून आली हे आपल्याच वहीत आधी लिहिलेलं बरं.

अशी नोंद कशासाठी असते हे एका वाक्यात सांगता येतं. दुसऱ्या कुणीही मूळ फाइल घेऊन त्या चार ओळी पाळल्या तर त्याच्या कानाला तेच ऐकू यायला हवं. ‘आवाज साफ केला’ अशी नोंद कुणाच्याच कामाची नाही. त्यात आकडे नाहीत, म्हणजे ती तपासता येत नाही.

एक सोपी तपासणी कुणालाही करता येते. वरच्या चारही पावलांनी आवाजाची लांबी बदलत नाही. काम सुरू करताना ११ मिनिटं ४२ सेकंद होते, संपल्यावरही तेवढेच हवेत. लांबी कमी भरली तर कुठेतरी कात्री लागली आहे, चुकून का होईना. आम्ही मधली शांतता कापत नाही, खोकला कापत नाही, मागे वाजणारी कुकरची शिटीसुद्धा नाही. वकिलांना न्यायालयात ऐकवायला छोटा तुकडा हवा होता. तो ६ मिनिटं ५ सेकंद ते ६ मिनिटं ४० सेकंद असा वेगळा काढला, फाइलीच्या नावातच ते आकडे घातले, आणि सोबत पूर्ण फाइल दिली. लिखित उताऱ्यातही मिनिटं मूळ फाइलीची. नाहीतर तुकड्यातला तेरावा सेकंद म्हणजे पूर्ण बोलण्यातला कुठला, यावरच तास जातो.

लिखित उताऱ्याचं काम मी स्वतः केलं नाही. मला वाक्य आधीच माहीत होतं, आणि डोळ्यांनी वाचलेलं वाक्य कान हमखास ऐकतो. प्रकरणाची काही कल्पना नसलेल्या एका बाईंकडून ते लिहून घेतलं. त्यांनी ६ मिनिटं १८ सेकंदांशी ‘दिले नाहीत’ लिहिलं आणि पुढचे दोन शब्द ‘अस्पष्ट’ म्हणून सोडले. मला ते दोन्ही शब्द व्यवस्थित ऐकू येत होते. तरी ‘अस्पष्ट’च ठेवलं.

मध्ये एक गंमत झाली. फोन संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी केलेला, आणि फाइलीच्या आतल्या माहितीत वेळ दिसत होती दुपारची १ वाजून ४० मिनिटं. भाऊ घाबरले. पण या प्रकारच्या फाइलींत वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असा संकेत आहे आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. हिशेब बरोबर जुळला. हे आपल्या वहीत आपणहून लिहिलेलं असलं की खुलासा होतो, समोरच्याने शोधून काढलं की तेच संशयाचं कारण होतं.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यातलं ६५-बी ते हेच. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत, एक देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात यंत्राची कंपनी, मॉडेल, क्रमांक विचारला आहे आणि हॅश कुठल्या पद्धतीने काढला व तो काय आला हेही. म्हणजे वर आम्ही कागदावर जे लिहिलं ते बहुतेक त्या नमुन्यात उतरवायचंच होतं.

या प्रमाणपत्राची गोष्ट आपल्या जालन्याशी जोडलेली आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत उलटल्यावर दाखल झाले, असा आक्षेप घेऊन कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले कॅमेरे चालू होते, त्यांच्या चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी या प्रकरणात स्पष्ट केलं की प्रतीसाठी प्रमाणपत्र लागतंच, तोंडी साक्षीने त्याची भरपाई होत नाही. मात्र ज्या यंत्रात नोंद पहिल्यांदा साठली ते यंत्रच घेऊन त्याचा मालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि मागूनही कुणी प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं. गोरंट्याल यांच्या बाजूने शक्य ते सगळं करून झालं होतं, इतर पुरावाही होता, म्हणून खोतकरांची निवड रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

सामान्य माणसाच्या कामाचं यातलं वाक्य मधलं आहे, यंत्र घेऊन उभं राहण्याचं. आपण फोन दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. जुना एक्स्चेंजमध्ये देतो, देण्याआधी तो दुकानदार सगळं पुसून घेतो. रेकॉर्डिंग क्लाउडवर गेलेलं असतं म्हणून आपण निश्चिंत असतो. पण दिवाणी दावा फोनच्या आयुष्यापेक्षा सहज जास्त चालतो. आवाजात कात्री लागली का हे तज्ज्ञाला बघायचं झालं तर तो आधी मूळ यंत्र मागतो, त्याच फोनवर नमुन्याचं रेकॉर्डिंग करून दोन्ही फाइलींची ठेवण ताडून बघतो. यंत्र नसेल तर त्याच्या अहवालात ‘निश्चित सांगता येत नाही’ असं वाक्य येण्याची शक्यता वाढते, आणि आपण खरे असलो तरी ते वाक्य आपल्या विरोधात वाचलं जातं.

इतकं करूनही रेकॉर्डिंग निर्णायक ठरेलच असं नाही. आवाज माझा नाही, असं समोरचा म्हणू शकतो, मग आवाजाचे नमुने घेणं आलं. चोरून केलेलं रेकॉर्डिंग म्हणून आक्षेप येऊ शकतो. आपल्या वहीने एवढंच साधतं की वाद फाइलीवर न अडकता बोलण्यावर येतो.

भाऊंचा दावा अजून चालू आहे. तो फोन त्यांनी वापरातून काढला. काचेला तडा गेलेला आहे, बॅटरी फुगायला नको म्हणून महिन्यातून एकदा अर्धी चार्ज करतात आणि चार्जरसकट दुकानाच्या गल्ल्याखालच्या कुलपात ठेवतात. माझ्या वहीत त्या कामाची शेवटची नोंद एका सोमवारची आहे: पाकीट क्रमांक १ वकिलांच्या ताब्यात दिलं, सील शाबूत, दोघांच्या सह्या.